चार पदांच्या घन बहुपदीचे अवयव: जोड्या लावताना मी काय पाहतो

घन बहुपदीत चार पदं दिसली की मी लगेच कंस घालत नाही. पदं घातांकाच्या उतरत्या क्रमाने लिहून आधी एक छोटा गुणाकार करतो: पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा, मग मधल्या दोघांचा. दोन्ही उत्तरं सारखी आली तरच जोड्या जमतात. हे उदाहरण घ्या:

2x³ − 3x² − 8x + 12

2 × 12 = 24 आणि (−3) × (−8) = 24. म्हणजे 2 चं −3 शी जे गुणोत्तर, तेच −8 चं 12 शी. म्हणून दोन्ही जोड्यांतून एकच कंस बाहेर पडणार, हे आधीच कळतं.

पहिल्या जोडीतून x² सामाईक काढला की x²(2x − 3) मिळतं. खरी गडबड दुसऱ्या जोडीत होते. तिथे +4 काढला तर 4(−2x + 3) येतं, कंस वेगळे दिसतात आणि मुलं गणित सोडून देतात. खरं तर तो तोच कंस आहे, फक्त चिन्हं उलटी. म्हणून दुसऱ्या जोडीच्या पहिल्या पदाचं चिन्ह मी नेहमी सामाईक अवयवाला देतो. इथे −4 काढायचा: −4 × 2x = −8x आणि −4 × −3 = +12. जोड्यांमध्ये मी अधिक चिन्ह ठेवून + (−8x + 12) असं लिहितो. थेट −(8x + 12) लिहिलं की शेवटचं पद गुपचूप −12 होतं.

x²(2x − 3) − 4(2x − 3)

इथे थांबू नका. ही अजून वजाबाकीच आहे, गुणाकार नाही. (2x − 3) सामाईक काढायचा, आणि तो एकदाच लिहायचा. वर्ग करायचा नाही.

(2x − 3)(x² − 4) = (2x − 3)(x − 2)(x + 2)

दुसऱ्या कंसात x² + 4 असतं तर वास्तव संख्यांत पुढे अवयव पडले नसते. पडताळ्यासाठी x = 1 ठेवतो: मूळ राशी 2 − 3 − 8 + 12 = 3, अवयव (−1)(−1)(3) = 3. चिन्हाची चूक बहुतेक वेळा इथेच सापडते.

गुणाकार सारखे आले नाहीत म्हणजे अवयवच नाहीत, असं मात्र नाही. x³ − 6x² + 11x − 6 मध्ये −6 आणि −66 येतात, त्यामुळे आहेत त्या पदांच्या जोड्या लागत नाहीत. पण सहगुणकांची बेरीज शून्य आहे, म्हणजे (x − 1) हा अवयव आहेच. मग मधली पदं फोडून तोच कंस तीनदा आणायचा:

x³ − x² − 5x² + 5x + 6x − 6
= x²(x − 1) − 5x(x − 1) + 6(x − 1)
= (x − 1)(x² − 5x + 6)
= (x − 1)(x − 2)(x − 3)