चुना लावलेला चेंडू

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवला तो सायकलच्या आऱ्यावर खोचलेला, चुना लावलेला रबरी चेंडू. विज्ञानाच्या सरांच्या कपाटात तो कित्येक वर्षं होता.

आठवीत सरांनी विचारलं, "चंद्राच्या कला कशामुळं होतात?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पृथ्वीची सावली पडते म्हणून!" सर चूकही म्हणाले नाहीत आणि बरोबरही. खिडक्यांना घोंगडी लावा म्हणाले.

खोलीच्या मधोमध टेबल, टेबलावर स्टूल आणि स्टुलावर उघडा बल्ब, आमच्या डोक्याच्या उंचीला येईल असा. करंटचा भरवसा नव्हता, म्हणून शेजारी कंदील पेटवून तयार. पहिला चेंडू प्लास्टिकचा होता. त्याच्यावर बल्बचा एक चकचकीत ठिपका तेवढा दिसायचा, उजेड कुठं संपतो आणि अंधार कुठं सुरू होतो ते कळेना. मग रबरी चेंडूला चुना लावला. खरखरीत पांढऱ्या पृष्ठभागावर ती कड अगदी स्वच्छ दिसू लागली.

मला पुढं बोलावलं. "तुझं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू हात लांब करून धर आणि डावीकडं हळूहळू फिर." बल्बकडं तोंड होतं तेव्हा चेंडूची काळी बाजू माझ्याकडं होती. थोडं वळलो तशी उजव्या कडेला उजेडाची कोर आली. पाव फेरीला चेंडू बरोबर अर्धा. "अर्धा सर!" मी ओरडलो. बल्बच्या पलीकडच्या बाकावरची पोरं म्हणाली, "कुठला अर्धा? पूर्ण दिसतोय की!" आणि माझ्या समोर, चेंडूच्या पलीकडं बसलेल्यांना अर्धाच दिसत होता, पण उजेड त्यांच्या डाव्या हाताला. भांडणच लागलं. सर मजेत बघत राहिले. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो, त्यातला किती दिसणार ते बघणाऱ्याच्या जागेवर ठरतं, हे त्या भांडणात कळलं. म्हणूनच हा प्रयोग बाकावर बसून बघायचा नसतो. प्रत्येकानं चेंडू हातात धरून स्वतः फिरायचं. आमचा वर्ग फिरायला दोन तास गेले.

पाठ बल्बकडं झाली तेव्हा मात्र माझ्या डोक्याची सावली चेंडूवर पडली. "हीच तुमची पृथ्वीची सावली. ग्रहण म्हणतात हिला. आता चेंडू जरा वर उचल." उचलल्यावर पौर्णिमा झाली. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, असं कुणीतरी विचारलं. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे, तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून जातो, असं सरांनी सांगितलं. आमच्या खोलीत सावलीतून सुटायला चेंडू बराच उचलावा लागला, कारण मापं खरी नव्हती. डोक्याएवढी पृथ्वी घेतली, तर चेंडू साडेपाच मीटर लांब धरायला हवा. ती जागा भिंतीपलीकडं, व्हरांड्यात येत होती.

मग महिनाभराची वही. माघ महिना निवडला, आभाळ स्वच्छ असतं म्हणून. वहीत तारीख, तिथी, वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी, आणि रुपयाच्या नाण्यानं काढलेल्या वर्तुळात चंद्राचं चित्र. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. चंद्र सूर्यापासून दिवसाला बारा अंश पूर्वेला सरकतो, म्हणून दिवेलागणीला बघितलं की तो रोज मुठीहून थोडा जास्त वर चढलेला दिसायचा.

बीजेलाच निम्मा वर्ग चुकला. पुस्तकात कोर उभ्या कंसासारखी असते, तशीच सगळ्यांनी काढली. खरी कोर पश्चिमेच्या डोंगरावर होडीसारखी जवळजवळ आडवी होती. आपण विषुववृत्तापासून सोळाच अंश वर राहतो, त्यात माघातली संध्याकाळ. सूर्य कोरीच्या जवळपास खालीच मावळलेला असतो. चित्रं वाचून कुणी बघून काढली आणि कुणी पुस्तकातून, ते सर लगेच ओळखत.

पौर्णिमेपर्यंत माझी वही चोख होती. पौर्णिमेला शेजारचं कानडी घर भारत हुण्णिमेसाठी सौंदत्तीला गेलं होतं, आणि इकडं दिवस मावळता मावळता पूर्वेला थाळीएवढा चंद्र. पुढं तो सात वाजता दिसेचना. सरांनी पौर्णिमेनंतर पहाटे बघा म्हणून बजावलं होतं, पण थंडीत उठणार कोण? वद्य चतुर्थीला मी दडपून लिहिलं: संध्याकाळी ७ वाजता, पूर्वेला, दोन मुठी. कॅलेंडरात बघून चित्रही काढलं, कडेला थोडा कापलेला गोल.

सरांनी वही वाचली आणि विचारलं, "घरी संकष्टी कोण करतं रे?"

"आजी."

"मग परवा ती सातला जेवली म्हण की?"

वर्ग हसला. आजी ताट झाकून अंगणात किती वेळ बसली होती ते मला माहीत होतं. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. चंद्र दिवसात बारा अंश पुढं जातो. तेवढं जास्त फिरायला पृथ्वीला अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात चंद्र आणखी थोडा सरकतो, म्हणून पन्नास धरा. काही दिवशी चाळीसच्या जवळ, काही दिवशी साठच्या. पौर्णिमेला सव्वासहा. पुढं चार दिवसांची दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. साडेनऊच्या आसपास. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ त्याच्या अगदी जवळ होती. माझा चंद्र दोन-अडीच तास आधीच उगवला होता, आणि वर दोन मुठी चढलासुद्धा होता!

सरांनी ती नोंद खोडली नाही. शेजारी लाल शाईनं "पाहिले नाही" एवढंच लिहिलं. ढग आले, झोप लागली, विसरलो, काहीही असो, तिथं हेच दोन शब्द लिहायचे असा नियम झाला.

त्याच आठवड्यात शनिवारची सकाळची शाळा होती. वद्य अष्टमी. प्रार्थनेनंतर सरांनी आम्हाला मैदानातच थांबवलं. पूर्वेला कोवळं ऊन आणि नैर्ऋत्येला, चिंचेच्या वर, फिकट अर्धा चंद्र. दिवसा चंद्र! रोज त्याच्याखालून शाळेत येत होतो, पण वर बघितलं नव्हतं. सरांनी चेंडू माझ्या हातात दिला. "उन्हात उभा राहा आणि चंद्राच्या शेजारी धर." धरला. चेंडूवर उजेडाची कड चंद्रासारखीच, डाव्या अंगाला. चेंडूही बरोबर अर्धा, तेवढाच कललेला. बल्ब नाही, घोंगडी नाही, सूर्यच दिवा होता. "पृथ्वीची सावली कुठं पडली असेल आता?" सरांनी विचारलं. सूर्य पूर्वेला, म्हणजे सावली त्याच्या उलट, पश्चिमेला जमिनीखाली. चंद्र तर सूर्याशी काटकोनात उभा होता, सावलीपासून कितीतरी लांब. आता कुणी काही बोललं नाही.

मी रांगेतल्या प्रत्येकाला चेंडू देत गेलो. उंच पोरं गुडघ्यावर बसून बघत होती, उगाचच.

वहीतली माझी शेवटची नोंद शिवरात्रीच्या आदल्या पहाटेची आहे. आजीनं उठवलं होतं. आग्नेयेला, गोठ्याच्या कौलांवर, नखाएवढी कोर. बीजेसारखी आडवी नव्हे, चांगली कललेली, उजेड खालच्या डाव्या कडेला. तिथी त्रयोदशी, वेळ पावणेसहा, उंची दोन मुठी. त्याखालच्या दोन वर्तुळांत "पाहिले नाही" लिहिलं आहे. त्यातलं अमावास्येचं मी शिसपेन्सिलीनं पूर्ण काळं केलं होतं. सरांनी शेजारी लिहिलं, "हे कसं पाहिलंस?"