पळस, बेल आणि मॉनिटर

एप्रिलच्या दुपारी जेवण होऊन जरा आडवी झाले होते, तेवढ्यात मनू वही घेऊन उशाशी येऊन बसली. म्हण होती, ‘कोठेही जा, पळसाला पाने तीनच’. अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहायचा होता. गाइडातला अर्थ तिला पाठच होता, ‘सर्वत्र परिस्थिती सारखीच असते’.

“मग लिही की.”

“आत्या, परिस्थिती म्हणजे काय?”

मी म्हटलं, अवस्था. ती तशीच बघत राहिली. मग म्हटलं, हालत. तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. पाच शब्दांच्या म्हणीचा अर्थ म्हणून चार शब्द दिले होते आणि त्यातला एकही नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडात बसणारा नव्हता. म्हणीत निदान झाड तरी आहे.

शिवाय तिची खरी अडचण वेगळीच होती. “झाडाला तीनच पानं कशी असतील? इतकं टक्कल?”

अर्थ सांगायच्या आधी चित्र दिसायला हवं, हे मला तेव्हा सुचलं. नशिबानं सोसायटीमागच्या टेकडीवर पळस आहे. मार्चमध्ये अंगावर पान नव्हतं, नुसती शेंदरी फुलं. आता कोवळी पानं आली होती. ऊन उतरल्यावर गेलो. एक देठ तिच्या हातात दिला. टोकाला एक मोठं, बऱ्यापैकी गोल, आणि खाली समोरासमोर दोन, जराशी तिरकी. दुसरा देठ पाहिला, तिसरा पाहिला. बारा देठ मोजल्यावर ती म्हणाली, “एका देठाला तीन असं म्हणायचं ना मग!” बरोबर आहे. म्हण करणाऱ्यानं देठ गाळला, कारण ऐकणाऱ्यानं पळस आयुष्यभर हाताळलेला होता.

आम्हीही हाताळला होता. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी लग्न निघालं की पडवीत पळसाच्या पानांचा ढीग पडायचा आणि आजी बांबूच्या बारीक काड्यांनी पत्रावळी टाचायला बसायची. मधली पानं एकीकडे आणि तिरकी दुसरीकडे, हे निवडायचं काम माझ्याकडे. मधलं पान पत्रावळीच्या पोटाला जायचं. चुकून तिरकं दिलं तर आजी न बघता, नुसत्या बोटांनी ओळखायची आणि माझ्याकडे परत भिरकवायची. वरण वाहून गेलं की नावं कुणाला ठेवतील, हा तिचा प्रश्न असे. दुपारभर ते करून बोटांना हिरवा वास यायचा, जेवताना आमटीलासुद्धा. असो.

भाऊ वनस्पतिशास्त्राचा. त्यानं फोनवर यात नवं खुसपट काढलं. म्हणे, ती तीन पानं नव्हेतच, ते एकच संयुक्त पान आहे आणि त्याच्या तीन पर्णिका आहेत. खात्री करायची तर डोळा बघ: देठ फांदीला चिकटतो तिथे बेचक्यात कोंब असतो, पण या तिघांपैकी कुणाच्याच बुडाशी नसतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे ‘पळसाला पान एकच’. मनूला हे भलतंच आवडलं. मी तिला दम दिला की हे वहीत लिहायचं नाही.

मग तिनं खरा प्रश्न विचारला. “बेलालाही तीनच असतात. मग पळसच का?”

मी टेकडीवरच्या दगडावर बसले. इतकी वर्षं ही म्हण वापरली, पण हे कधी मनात आलं नव्हतं. मला वाटतं, बेल शोधावा लागतो. देवळापाशी असतो, कुणाच्या परसात असतो. शिवाय तो अधूनमधून चार-पाच दलांचंही पान देतो आणि तसं मिळालं की लोक हरखून महादेवाला वाहतात. पळस मात्र माळावर, बांधावर, रानात कुठेही उगवतो. परगावी गेलेल्या माणसाला गावाबाहेर पहिला तोच भेटणार, आणि पान उलटून पाहिलं तर तीनच. म्हणीचा जोर ‘तीन’वर नाहीच, ‘कोठेही जा’वर आहे. आणि तोच भाग आपण बोलताना खाऊन टाकतो.

हिंदीत ‘ढाक के तीन पात’ म्हणतात. झाड तेच, पानं तीच, पण रोख निराळा. तिथे माणूस जागेवरच असतो आणि काही केल्या त्याचं काही बदलत नाही. आपल्याकडे माणूस गाव बदलतो, नोकरी बदलतो, आणि पुढ्यात पुन्हा तेच.

मनूच्या बाबांची बदली झाल्यानं तिची ही तिसरी शाळा. उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही.

“नव्या वर्गात मॉनिटर कोण?”

“आहे एक. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिते. पण तिच्या मैत्रिणी बोलल्या तर लिहीतच नाही.”

“आणि आधीच्या शाळेत?”

“तिथे मुलगा होता. तो पण…” ती थांबली. मग हातातल्या पानाकडे बघून तिनं तीन बोटं वर केली. मला इतका आनंद झाला की मी पुढचं बोलून घाण केली असती. पण तीच म्हणाली, “म्हणजे सगळ्याच शाळा वाईट?”

घसरतं ते इथेच. अर्थ फार सोपा केला की मूल ‘सगळं सारखंच’ एवढंच उचलतं, आणि तो धडा नव्हे, ती कुरकुर झाली. मी विचारलं, इथली बाग कशी आहे? मोठी. आधीच्या शाळेत? नव्हतीच. गाण्याच्या बाई? इथल्या छान. मग पळस कशाकशाला म्हणायचं? तिनं बराच विचार केला. “झाडं लहानमोठी असतात. सावली कमीजास्त असते. फक्त पानं तीन.”

याहून सोपं मला सांगता आलं नसतं. घरी येऊन तिनं लिहिलं: ‘शाळा बदलली तरी मॉनिटर आपल्या मैत्रिणींची नावं लिहीत नाही. कारण सगळीकडे माणसंच असतात. बाग वेगळी असू शकते.’ त्याखाली ‘म्हणून आपण मॉनिटरशी बोलावे’ असंही होतं. ते मी खोडायला लावलं. म्हणीनं तसं कुठे सांगितलंय? ती नुसतं पान दाखवते. उपदेशाचं शेपूट आपण मोठी माणसं लावतो. मनू थोडी रुसली, कारण ते वाक्य तिला सगळ्यात आवडलं होतं. तिचंही चुकलं नसेल.

आठवड्यानं वही तपासून आली. उत्तरावर लाल फुली, शेजारी शेरा: ‘योग्य अर्थ लिहा’. खाली गाइडातलं वाक्य पाच वेळा लिहून आणायचं होतं. आधीच्या दोन शाळांतही हेच चालायचं, मी तिच्या वह्या पाहिल्या आहेत.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. तिनं वही माझ्या मांडीवर टाकली, तीन बोटं दाखवली आणि सायकल काढायला पळाली.