दुसरी ऑर्डर किती दिवसांनी आली?

नागपुरात इतवारीतल्या एका मसाल्याच्या दुकानाच्या ऑनलाइन विक्रीचा हिशेब मी पाहते. जुलैच्या बैठकीत मालकांसमोर बाहेरच्या सल्लागाराने केलेला तक्ता होता. पहिल्या ऑर्डरनंतर सात दिवसांत दुसरी ऑर्डर देणारे ग्राहक पुढे नेहमीचे होतात, उशिरा परतणारे होत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता; त्यामुळे प्रत्येक नव्या ग्राहकाला आठवड्याच्या आत कूपन पाठवण्याचे जवळजवळ ठरलेच होते.

मला त्यातल्या तारखा खटकल्या. तक्ता ३० जूनला काढलेला होता. त्यातले दोन ग्राहक मी मालकांना दाखवले. दोघांचीही पहिली ऑर्डर ३ जानेवारीची. एकाची दुसरी ऑर्डर १० जानेवारीला आली, तर दुसऱ्याची २० जूनला. म्हणजे तिसरी ऑर्डर द्यायला एकाला साडेपाच महिन्यांहून अधिक काळ मिळाला आणि दुसऱ्याला अवघे दहा दिवस. एवढ्यात सावजी मसाल्याचे पाकीट संपतही नाही, तरी तो ‘नेहमीचा नाही’ या रकान्यात जाऊन बसला होता.

“म्हणजे सात दिवसांचं सगळं खोटंच का?” मालकांनी विचारले.

“तसं नाही, भाऊ. दोघांना सारखी मुदत देऊन मोजू, मग कळेल.”

मुदत ठरली दुसऱ्या ऑर्डरपासून ९० दिवसांची. शिवाय १८० दिवसांपर्यंतचे अंतर तपासायचे असल्याने पहिली ऑर्डर किमान २७० दिवस जुनी असलेलेच ग्राहक घेतले. नाहीतर अलीकडच्या ग्राहकांपैकी फक्त लवकर परतलेलेच मोजणीत येतात आणि चित्र पुन्हा तिकडेच झुकते.

खरी गंमत मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या ‘दुसऱ्या’ ऑर्डरी उघडल्यावर कळली. कुणाची हळद घ्यायची राहून गेली होती, कुणी पिनकोड चुकल्याने ऑर्डर रद्द करून पुन्हा दिली होती, तर काही ठिकाणी शिल्लक नसलेला माल आमच्याच गोदामातून नव्या क्रमांकाने गेला होता. पहिले पार्सल घरी पोहोचण्याआधी दिलेल्या ऑर्डरीवरून ग्राहकाला चव आवडली की नाही, हे कसे कळणार? म्हणून अशा ऑर्डरी पहिल्या ऑर्डरीतच मिळवल्या आणि अंतर पार्सल पोहोचल्याच्या दिवसापासून मोजले.

त्यानंतरही लवकर परतणारेच पुढे होते, पण फरक बराच कमी झाला होता. तिसऱ्या ऑर्डरीचे प्रमाण सातव्या दिवशी नव्हे, तर पाकीट संपण्याचा सुमार उलटून गेल्यावर घसरू लागत होते.

तरीही कूपनाचा प्रश्न सुटला नव्हता, कारण आपणहून आठवड्यात परतणारा आणि सवलतीने ओढून आणलेला ग्राहक पुढेही सारखेच वागतील, हे या तारखांवरून सांगता येत नाही. त्यासाठी नव्या ग्राहकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे, कूपन पाठवायचेच नाही असे मी सुचवले. “निम्मे गिऱ्हाईक असेच सोडायचे?” म्हणून मालक कुरकुरले, पण पुढच्या तीन महिन्यांसाठी त्यांनी होकार दिला.