शंभर पंप आले, देणे मात्र एकतीस पंपांचेच: कन्साइनमेंटच्या हिशेबाचा माझा अनुभव

पुरवठादाराच्या लेखा विभागाकडून एक क्रेडिट नोट मिळवण्यात माझे तीन आठवडे गेले, आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. करार, दर, माल उतरवून घेणे हे सगळे विनातक्रार पार पडले होते, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रति नग २५० दराने १०० पंप आमच्या गोदामात येणार, विकले जाईपर्यंत ते पुरवठादाराच्याच मालकीचे राहणार आणि दर महिन्याच्या शेवटी आम्ही विक्री कळवू तेवढ्याच नगांचे बिल येणार, असे ठरले होते.

प्रत्यक्षात मालाच्या चलनासोबतच १०० पंपांचे बिल आले, आणि आमच्याकडून ते नेहमीच्या खरेदीसारखे नोंदवले गेले. वहीत एका बाजूला २५,००० चा साठा आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच देणे उभे राहिले. दोन्ही बाजू सारख्याच फुगल्यामुळे ताळा जुळत होता आणि नफ्यातही काही खटकत नव्हते. महिनाअखेरीस देण्यांची यादी चाळताना हा आकडा डोळ्यांत भरला नसता, तर न विकलेल्या मालाचे पैसेही मुदत भरताच चुकते झाले असते. म्हणून सांगतो, अशा मालाबरोबर चलन यावे, बिल नव्हे. बिल आलेच, तर ते नोंदवण्याआधीच परत पाठवावे.

मी क्रेडिट नोट मागितली, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी आधी ‘माल तुमच्याकडे पोहोचला आहे ना?’ असे विचारले आणि नंतर आठवडाभर उत्तरच दिले नाही. त्यांची अडचण मला उशिरा उमगली. त्यांनी माल पाठवला त्याच दिवशी विक्री धरली होती, आणि क्रेडिट नोट दिली की त्यांच्या त्या महिन्याच्या विक्रीचा आकडा खाली येणार होता. मी त्यांना कराराची दोन कलमे दाखवली: न विकलेला माल ते केव्हाही परत मागू शकतात, आणि विक्री होईपर्यंत पैसे देण्याचे बिनशर्त बंधन आमच्यावर नाही. मालाचा ताबा आमच्याकडे असला तरी त्यावरचे नियंत्रण त्यांचेच आहे, हे ओळखण्यासाठी आयएफआरएस १५ या लेखामानकातही याच खुणा सांगितल्या आहेत. त्यानंतर ते नरमले, पण न विकलेल्या पंपांची अनुक्रमांकांसह सही केलेली यादी हवी, अशी अट त्यांनी घातली.

इथे माझीच फजिती झाली. त्याच प्रकारचे २० पंप आम्ही पूर्वी रोखीने विकत घेतले होते आणि ते त्याच मांडणीवर होते. महिन्यात एकूण ३४ पंप विकले गेले होते. आमची संगणक प्रणाली जुना माल आधी गेला असे धरते, म्हणून तिच्या हिशेबाने आमचे २० आणि पुरवठादाराचे फक्त १४ गेले होते. म्हणजे त्यांचे ८६ शिल्लक. मी हाच आकडा मोठ्या आत्मविश्वासाने कळवून टाकला. यादीसाठी पंपांवरील पट्ट्या वाचायला बसलो, तेव्हा मांडणीवर त्यांचे ६९ आणि आमचे १७ निघाले. नवा माल पुढे रचलेला असल्याने गोदामातल्या माणसाने हाताला येईल तो पंप दिला होता. विक्रीच्या बिलांवरचे क्रमांक पडताळल्यावर त्यांचे ३१ आणि आमचे ३ गेल्याचे स्पष्ट झाले. देणे मालकीवर ठरते, वहीतल्या क्रमावर नव्हे. तेव्हा खरे देणे ३,५०० नसून ७,७५० होते. मी कळवलेला आकडा मागे घेताना पलीकडून आलेला सुस्कारा मला फोनवर स्पष्ट ऐकू आला.

शेवटी ६९ पंपांची, म्हणजे १७,२५० ची क्रेडिट नोट आली. त्यानंतर मी त्यांच्या मालासाठी वेगळी मांडणी आणि प्रणालीत वेगळे ठिकाण केले, जिथे नग मोजले जातात पण त्यांचे मूल्य आमच्या साठ्यात धरले जात नाही. पंप विकला गेला की त्याच दिवशी २५० विकलेल्या मालाच्या खर्चाला नावे आणि पुरवठादाराच्या खात्यावर जमा होतात. प्रत्यक्ष बिल महिनाअखेरीस आले तरी देणे विक्रीच्या तारखेलाच उभे राहते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हिशेब कळवून झाल्यावर ग्राहकाने पंप परत केला, तर तो पुन्हा पुरवठादाराचा होतो की आमचाच राहतो, हे करारात लिहून घ्यावे. गोदामात मोजणीत नग कमी भरला किंवा फुटला, तर तो कोणाच्या माथी, हेही तिथेच ठरवावे. आमच्या करारात पहिल्या मुद्द्यावर एक अक्षर नव्हते, आणि पुढच्याच महिन्यात एक पंप परत आला. तो कोणाचा, यावर आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तोवर तो दोन्ही मांडण्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला आहे.