फोटोखाली काय लिहू?

पळायला ४३ मिनिटं लागली आणि फोटोखाली चार ओळी लिहायला अख्खी दुपार.

फोटो सकाळचा. आयुष्यात पहिल्यांदाच न थांबता ५ किलोमीटर पळाले, त्यानंतर लगेच काढलेला. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, घाम गेल्यामुळे एक डोळा मिटलेला आणि मनगट मुद्दाम पुढे केलेलं. घड्याळावर ५.०२ किमी आणि ४३:१८ हे आकडे अगदी ठळक दिसतायत. मान वाकडी आली आहे, पण ती माझी प्रत्येक फोटोत येते. दुपारी घर सामसूम झालं तशी मी फोन घेऊन आडवी झाले. म्हटलं, दोन मिनिटांत टाकून देऊ आणि झोपू.

पहिल्यांदा लिहिलं, ‘५ किमी पूर्ण!’ आणि पुढे तो दंड फुगवलेला पिवळा हात. मग वाटलं, पळाले पायांनी आणि शाबासकी दंडाला कशी? हात खोडला. नुसतं ‘५ किमी पूर्ण!’ उरलं. ते खोटं नव्हतं, पण त्यात वाचणाऱ्यानं ‘वा’ म्हणून पुढे सरकण्यापलीकडे काहीच नव्हतं. ‘माझा फिटनेस प्रवास’ असं लिहायचं तर मी आधीच बाद केलं होतं. प्रवास म्हटलं की मला तिकीट, बॅग आणि खिडकीची जागा आठवते. मी तर जिथून निघाले तिथेच फेऱ्या मारून परत आले होते.

दुसरा मसुदा जोशात आला. ‘सबबी सोडा, उठा, पळा!’ लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचला आणि माझा आवाज मलाच परका वाटला. हीच ओळ, शब्दांच्या थोड्या फरकानं, दोन वर्षांपूर्वी मी कुणाच्या तरी फोटोखाली वाचली होती. तेव्हा सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेतून अशी कळ यायची की पहिली दहा पावलं मी भिंतीला धरून टाकायची. माझी सबब माझ्या टाचेत होती, ती सोडायची कशी? त्या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांना माझी टाच कुठे माहीत होती! पण त्यांचा फोटो मी पुन्हा कधी उघडला नाही, हेही खरं.

मग नम्र व्हायचं ठरवलं. ‘जेमतेम ५ किमी, तेही गोगलगायीच्या वेगानं. फोटो तर विचारूच नका!’ हे सगळ्यात वाईट होतं. एकतर कुणीतरी ‘छे छे, किती छान दिसतेयस’ म्हणावं यासाठी टाकलेला तो गळ होता, आणि दुसरं म्हणजे ज्याला अजून अर्धा किलोमीटर जमत नाही त्यानं माझं ‘जेमतेम’ कुठे ठेवायचं? नम्रतेच्या वेष्टनातल्या या बढाईवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की लोकांना ती सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते, कारण बोलणारा मनापासून बोलत नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. म्हणजे छाती पुढे काढून ‘मी पळाले’ म्हणणारा परवडला.

चौथी ओळ मात्र मला स्वतःलाच आवडली होती. ‘मी करू शकते, तर कुणीही करू शकतं.’ किती गरीब वाक्य! पाठवणारच होते. पण ‘कुणीही’ या शब्दापाशी अडले. माझे दोन्ही गुडघे धड आहेत. सकाळचा पाऊण तास मला कुणी हाक मारत नाही. हे ज्याच्याकडे नाही त्यानं प्रयत्न केला आणि नाही जमलं, तर माझ्या वाक्यानुसार तो ‘कुणीही’मध्येसुद्धा बसत नाही. आणि एवढं करून ते वाक्य त्याला सांगतं काय? काहीच नाही.

इथे मला दोरी आठवली.

शाळेत मधल्या सुट्टीत दोघीजणी लांब दोरीची दोन टोकं धरून ती फिरवायच्या आणि बाकीच्यांनी एकेक करून आत शिरायचं. आत उड्या मारणं सोपं होतं, अवघड होतं ते शिरणं. मी कडेला उभी राहून दोरीबरोबर नुसती मान हलवत राहायचे. आमच्यातली एक मुलगी सहज शिरायची, पन्नास-साठ उड्या मारून सहज बाहेर पडायची आणि म्हणायची, “बघ, इतकं सोपं आहे!” ती जितकी सुंदर उडायची तितकी मी भिंतीकडे सरकायचे. दुसरी एक होती, माझ्यासारखीच धांदरट. तिनं एकदा मोजा खाली करून पोटरीवरचे वळ दाखवले. “चारदा अडकले. मग कळलं, दोरीकडे बघायचंच नाही. ती जमिनीवर आपटली की आवाज येतो ना, तो आला की घुसायचं.”

मी डोळे जवळजवळ मिटले. सट्. सट्. तिसऱ्या सट्-ला आत घुसले. तीनच उड्या झाल्या आणि दोरी घोट्यात अडकली, पण मी आत गेले होते! तिचे ते लाल वळ आणि तो आवाज अजून माझ्याजवळ आहेत. साठ उड्या मारणारीचा चेहराही आठवत नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं की १९८७ साली डेल शंक आणि सहकाऱ्यांनी अपूर्णांक अवघड जाणाऱ्या मुलांवर साधारण असाच प्रयोग केला होता. काही मुलांना गणितं पहिल्यापासून बिनचूक सोडवणारा मुलगा पाहायला मिळाला, काहींना आधी चुकणारा आणि मग हळूहळू सावरणारा. दुसऱ्याला पाहिलेल्या मुलांचा आत्मविश्वास जास्त वाढला आणि गणितंही जास्त सुटली. मला त्यात नवल वाटलं नाही. मोजा खाली करणारीला मी ओळखत होते.

मग माझे वळ कुठे होते? फोटोत तर नव्हतेच. मी उठून वही काढली.

मी धरला होता तो तक्ता ९ आठवड्यांचा, जगभर नवखे लोक पळायला शिकताना वापरतात तोच. जॉश क्लार्क नावाच्या माणसानं आपल्या पन्नाशीतल्या आईला पळतं करावं म्हणून १९९६ साली तो बनवला होता. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांती. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. वहीत पहिल्या दिवसापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘१ मि. फार मोठं असतं.’ तिसरा आठवडा दोनदा केलेला. मग दोन आठवडे कोरे, फक्त ‘नडगी’ एवढा एकच शब्द. आणि मग पाचवा आठवडा. त्याच्या दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन तुकडे पळायचे असतात आणि तिसऱ्या दिवशी तक्ता एकदम २० मिनिटं सलग पळायला सांगतो. मी ११व्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभी. पुन्हा आठवडाभर तेच, या खेपेला १३व्या मिनिटाला उभी.

तिसऱ्या खेपेला चिडून ठरवलं, इतकं हळू पळायचं की स्वतःशी बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द नव्हे, पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता. वाक्य तुटलं की वेग कमी. शेजारून झपझप चालणारे एक आजोबा बराच वेळ माझ्या बरोबरीनं होते, म्हणजे माझं पळणं कुठल्या दर्जाचं होतं ते कळेल. त्यांनी एकदा वळून पाहिलंही, बहुधा मी बडबडत होते म्हणून. पण २० मिनिटं झाली. दोन्ही वेळा मी पायांमुळे थांबले नव्हते, घाईमुळे थांबले होते. दोरी फिरत होती आणि मी आवाज न ऐकता उडी घेत होते, दुसरं काय.

९ आठवड्यांच्या तक्त्याला मला १४ लागले. वही मिटली तेव्हा ओळ जवळजवळ तयार होती. आता फक्त कुठला आकडा ठेवायचा ते ठरवायचं होतं. ४३:१८ हा आकडा माझ्याशिवाय कुणाच्याच कामाचा नाही. जास्त वेगानं पळणारा तो पाहून मनात हसणार, कमी वेगानं पळणारा खट्टू होणार. मनगट कापून फोटो लहान केला. हो, जिवावर आलं. ते मनगट पुढे करायला मी तीन वेळा फोटो काढला होता. वजनाचा आकडा तर घालायचाच नव्हता. पोटातल्या पाण्यानंही तो दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो आणि एकदा घातला की लोक दुसरं काही विचारत नाहीत.

शिवाय लांब लिहिलं की वरच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’च्या मागे झाकलं जातं. म्हणून शेवट नाही, सुरुवात वर ठेवली.

‘पहिल्या दिवशी १ मिनिट पळाले आणि दम लागला म्हणून दीड मिनिट चालले. आज न थांबता ५ किमी. तक्त्यात ९ आठवडे होते, मला १४ लागले. पाचवा आठवडा तीनदा केला. एक गोष्ट उपयोगी पडली : पळताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हळू पळायचं.’

पुन्हा वाचलं. ‘आज न थांबता’ मधला ‘न थांबता’ खोडून पाहिला आणि परत घातला. तेवढी बढाई माझी मला हवी होती.

संध्याकाळपर्यंत टाळ्या, अंगठे, तो पिवळा दंडसुद्धा, सगळं आलं. एकानं वेळ किती लागला विचारलं. एकीनं मानेला काय झालं विचारलं. रात्री उशिरा धाकट्या वहिनीचा निरोप आला. बाळंतपणानंतर ती फारशी बाहेर पडलेलीच नाही, फोनवरही दोन वाक्यांत आटपते.

“ताई, ते पहिलं १ मिनिट म्हणजे पूर्ण ६० सेकंद का हो? की ४० चालतील?”

मी लिहिलं, “४० चालतील. पण आधी एकदा डॉक्टरांना विचार.”

दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते.