भाऊंच्या खिशातला फोन

"म्हणजे भाऊवर तुम्ही चोरीचा आळ घेताय," आबा म्हणाले आणि त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. ऑडिटनंतर आम्ही देतो ते मॅनेजमेंट लेटर, पाच पानांचं. त्यांनी पहिलं पानसुद्धा पूर्ण वाचलेलं नव्हतं. लाल रंगातल्या पहिल्या मुद्द्यात 'लेखापाल' हा शब्द दिसला आणि ते तिथंच थांबले होते.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री दोन भावांची. आबा थोरले, भट्टी आणि खरेदी त्यांच्याकडे. काका धाकटे, गिऱ्हाईक आणि डिस्पॅच सांभाळतात. आबांची सूनही आता संचालक आहे. भाऊ म्हणजे त्यांचे अकाउंटंट, आबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. उलाढाल पन्नास कोटींच्या आत आणि कर्जं पंचवीस कोटींच्या आत असल्यामुळे अशा खाजगी कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणांवर आम्हाला वेगळं मत द्यावं लागत नाही. पण हिशेब तपासताना एखादी गंभीर उणीव दिसली, तर ती संचालकांना लेखी कळवणं ऑडिटिंग स्टँडर्ड २६५ नुसार आम्हाला बंधनकारक आहे. पत्र त्यासाठी होतं.

काकांचा प्रश्न साधा होता. "रिपोर्ट तर क्लीन दिलाय तुम्ही. मग हे कशाला?"

मी म्हणाले, "काका, आकडे बरोबर आहेत, हे रिपोर्टमध्ये आहे. ते बरोबर राहण्याची व्यवस्था कंपनीत आहे का, हे या पत्रात आहे. यंदा व्यवस्था कच्ची दिसली म्हणून आम्ही जास्त कागद तपासले, सप्लायरना फोन केले, बँकेकडून थेट पत्रं मागवली. म्हणून आकड्यांवर सही करता आली."

आबांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात भाऊच होते. तेव्हा लाल मुद्दा बाजूला ठेवून मी तिसऱ्या पानावरचा भंगाराचा मुद्दा काढला. भंगार हा आबांचा विषय, गाडीकडे नुसतं बघून माल हलका की भारी ते ओळखणारा माणूस. मी त्यांच्यासमोर वजनकाट्याच्या काही पावत्या ठेवल्या. भरलेल्या गाडीचं वजन ११ वाजून ४२ मिनिटांनी, रिकाम्या गाडीचं वजनही ११ वाजून ४२ मिनिटांनी. दुसऱ्या पावतीवरही तसंच, तिसरीवरही.

आबांनी पावती हातात घेतली. "एका मिनिटात गाडी खाली होत नाही," ते म्हणाले. "मॅग्नेटनं उतरवली तरी अर्धा तास."

"मग रिकामं वजन कुठून आलं?"

उत्तर त्यांनीच दिलं. काट्यावरचा पोऱ्या रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घेतच नव्हता. गाडीचा नंबर टाकला की संगणकात साठवलेलं जुनं वजन आपोआप येतं, तेच तो छापत होता. ऑडिटच्या काळात आम्ही त्यातली एक गाडी खाली झाल्यावर मुद्दाम काट्यावर घेतली होती. संगणकातलं वजन ६,२५० किलो, प्रत्यक्षात भरलं ६,४१०. रिकामी गाडी जितकी हलकी दाखवाल तितका माल जास्त दिसतो. म्हणजे १६० किलो न आलेल्या भंगाराचे पैसे, ३८ रुपये दराने ६,०८० रुपये, एका गाडीमागे. यात कुणाचा हेतू वाईट असेलच असं नाही. गाडीला नवा पत्रा ठोकला, तळाशी माती साचली, डिझेलची टाकी भरलेली असली की वजन बदलतं. तो फरक कळायला मात्र दर वेळी रिकामी गाडी काट्यावर यायला हवी.

"म्हणून भट्टीतली घट, मेल्टिंग लॉस, एका महिन्याला पाच टक्के आणि दुसऱ्याला नऊ दिसतो," आबा हळूच म्हणाले. "मी गंजाला दोष देत होतो." गंजामुळे फरक पडतोच, त्यामुळे सगळा फरक काट्याचाच असं मी म्हणणार नाही, हेही मी तिथंच सांगितलं. पण खरं वजन माहीत नसेल तर गंज किती आणि काटा किती, हे कधीच वेगळं काढता येणार नाही.

आबांच्या मनात आता काट्यावरच्या पोऱ्याला चोर म्हणण्याचा विचारही नव्हता. चूक पद्धतीत आहे, हे त्यांना दिसलं होतं. मी पहिल्या पानाकडे वळले.

एक कोरा कागद घेतला आणि म्हटलं, "याच भंगारवाल्याचं बिल गेटपासून बँकेपर्यंत चालवून बघू. प्रत्येक पायरीला कुणाचा हात लागतो, ते तुम्ही सांगायचं." बिल संगणकात कोण चढवतं? भाऊ. भंगारवाल्याचा बँक खाते नंबर कोण भरतं, बदलतं? भाऊ. आठवड्याची पेमेंटची यादी? भाऊ. ती बँकेच्या साइटवर चढवणं? भाऊ. मंजुरी?

"मंजुरी माझी," आबा म्हणाले.

"तुमचा पासवर्ड कुणाकडं आहे?"

आबा गप्प झाले. सूनबाई म्हणाल्या, "आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोनही भाऊंच्याच खिशात असतो." महिनाअखेरीला बँकेचं खातं आणि आपली वही जुळवण्याचं काम, बँक रिकन्सिलिएशन, तेही भाऊंचंच. सहा पायऱ्यांवर मी एकच नाव लिहिलं आणि कागद आबांपुढे ठेवला.

बँकेनं एकानं पेमेंट भरायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं, अशी दोन लॉगिन दिली होती. कागदावर दोन माणसं होती, प्रत्यक्षात एक. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा एडिट लॉग सक्तीचा आहे. तो इथे चालूही होता. पण ऑफिसातले तिघंही 'ॲडमिन' या एकाच नावानं काम करत. त्यामुळे बदल कधी झाला हे लॉग सांगतो, कुणी केला हे सांगू शकत नाही. कायद्याची अट पूर्ण, उपयोग शून्य. अशी स्थिती मला लहान कंपन्यांत वारंवार दिसते आणि तिची मला खरोखर काळजी वाटते, कारण लॉग चालू आहे म्हटल्यावर मालक निश्चिंत होतात.

वर्षभरात नऊ सप्लायरचे खाते नंबर बदलले होते. पाचांसाठी रद्द केलेला चेक फाइलला होता. चार नंबर नुसत्या ईमेलवरून बदललेले. आम्ही त्या चौघांशी बोललो, चारही नंबर खरे निघाले. आबा म्हणाले, "मग झालं की!"

"यंदा झालं," मी म्हणाले. "सप्लायरच्या पत्त्यात एक अक्षर इकडंतिकडं करून, 'आमचं खातं बदललंय' असा ईमेल पाठवणारे आहेत. त्या ईमेलला भाऊ भुलले तर? भाऊंचा दोष नसताना पैसे जातील, आणि मधे दुसरा माणूस नसल्यामुळे अडवणारं कुणी नाही."

सूनबाईंनी नेमका प्रश्न विचारला. "भंगारात रोजचे पैसे जातायत, तरी तो मुद्दा पिवळा. फोनच्या मुद्द्यात एक रुपया गेला नाही, तरी तो लाल. असं का?"

भंगारातलं नुकसान गाडीमागे काही हजारांचं, गाड्या मोजता येतात. कॅश क्रेडिट खात्यात त्या दिवशी दीड कोटींची न वापरलेली मर्यादा होती. चुकीचा माणूस एकदा आत शिरला तर ती एका दुपारी रिकामी होऊ शकते. आम्ही रंग देतो तो आजवर किती गेलं यावरून नव्हे, किती जाऊ शकतं आणि अडवायला कोण आहे यावरून.

आबांनी भाऊंना आत बोलावलं. मला थोडी धाकधूक होती, पण मसुदा आम्ही भाऊंना आधीच दाखवलेला होता. लेखापालाच्या पाठीमागं असं पत्र मालकांना द्यायचं नाही, यावर मी ठाम असते. वस्तुस्थितीत चूक असेल तर तो आधी सांगू शकतो, आणि त्याचा मानही राहतो.

"मालक, तो फोन घ्या माझ्याकडनं," भाऊ म्हणाले. "पोरीच्या लग्नातसुद्धा खिशात होता. उद्या कुठं काही कमीजास्त झालं तर बोट माझ्याकडंच येणार. मी नाही म्हणून तरी कसं सिद्ध करू?"

आबा बराच वेळ त्यांच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विश्वासानं दिलावता. परत कसा करायचा?"

यानंतर शिफारशी सोप्या झाल्या. मोठ्या कंपनीच्या पत्रातल्या शिफारशी इथं चिकटवून चालत नाही. अकाउंटला तीन माणसं असताना 'स्वतंत्र ट्रेझरी विभाग नेमा' लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं. फोन आणि मंजुरीचं लॉगिन सूनबाईंकडं, पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. खाते नंबर बदलायचा तर रद्द केलेला चेक हवा, आणि सप्लायरच्या आपल्याकडच्या जुन्या नंबरवर काकांनी फोन करायचा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, कारण खोटा ईमेल पाठवणारा नंबरही स्वतःचाच देतो. बँक रिकन्सिलिएशन भाऊंनीच करावं, पण तपासताना सूनबाईंनी बँकेचं स्टेटमेंट स्वतः उतरवून घ्यावं, भाऊंनी दिलेल्या एक्सेलवर विसंबू नये. तिघांना तीन लॉगिन. काट्यावर साठवलेलं वजन वापरण्याची सोयच बंद. आणि भाऊंनी वर्षातून एकदा सलग आठवडाभर रजा घ्यायची, त्या काळात काम दुसऱ्यानं करायचं. या सूचनेवर भाऊच सगळ्यात जास्त दचकले.

पत्रात प्रत्येक मुद्द्यापुढं व्यवस्थापनाच्या उत्तराचा रकाना असतो. काकांनी पहिल्यापुढं 'लक्ष घालू' असं लिहायला घेतलं. मी नको म्हणाले. कोण आणि कधीपर्यंत, हे लिहा. त्यांनी सूनबाईंचं नाव आणि त्याच आठवड्यातला शनिवार लिहिला.

निघताना आबांनी विचारलं, "म्हणजे पत्रात जे नाही, ते सगळं ठीक ना?"

"नाही आबा." हे सांगायला मी नेहमी थांबते, गाडीत बसले असले तरी खाली उतरून. "आम्ही हिशेबासाठी जेवढं बघितलं, त्यात जे दिसलं तेवढंच यात आहे. स्टोअर्सच्या साठ्याकडं आम्ही वर्षअखेरीला फक्त मोजणीपुरतं बघितलंय."

एका मुद्द्यावर आबा शेवटपर्यंत बधले नाहीत. घरचा खर्च पेटी कॅशमधून निघतो आणि महिनाअखेरीला संचालकांच्या खात्यावर पडतो. ते खातं उलट्या बाजूला गेलं, म्हणजे कंपनीचेच पैसे संचालकाकडं येणं निघालं, तर संचालकांना कर्ज देण्याबद्दलच्या कलम १८५ चा प्रश्न उभा राहतो. यंदा खातं जमेला होतं. मी घरखर्चासाठी ठरावीक रक्कम दरमहा बँकेतून द्या असं सुचवलं. आबा म्हणाले, "बापाच्या कंपनीत चिठ्ठी लिहून भाजी आणायची नाही मला." मी वाद घातला नाही. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत नव्हे, पण अर्थानं तंतोतंत रकान्यात लिहिलं: 'शिफारस अमान्य.' पुढच्या वर्षी खात्याची बाजू तिमाहीला तपासायची नोंद मी आमच्या फाइलला केली, आणि मुद्दा सुटला नाही तर तो पत्रात पुन्हा येईल, हे आबांना सांगून निघाले.