आपा दाराशी थांबली

सोमवार, रात्र

काल आपा दाराशीच थांबली होती. चपला काढलेल्या, ओढणी डोक्यावर, हातात मोगऱ्याची पुडी. सहाला पाच कमी असताना मी सारंगी बंद केली आणि लगेच ती आत येऊन आमच्या मल्याळी चेचीशेजारी बसली. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. कालपासून डोक्यात तेवढंच आहे.

काय वाजवायचं ते बाकी सगळ्यांना विचारलं होतं मी. तिला नाही.

काका गेले, त्यांचं चर्चमधलं सगळं गुरुवारीच झालं होतं. कालची शोकसभा नेरुळच्या आमच्या बिल्डिंगची, खालच्या हॉलमध्ये, चाळीसेक माणसं. चेची एवढंच म्हणाली, "शब्द नकोत. कोणाला कळणार नाही असं काही नको." मल्याळम गाणं लावलं तर आम्ही परके, अभंग लावला तर तिच्या माहेरची माणसं. मला वाटलं, सोपं आहे, नुसतं वाद्य लावू. शनिवारी बासरीवरचा एक अभंग लावून बघितला तर आई स्वयंपाकघरातून ओठ हलवत बाहेर आली. शब्द काढून टाकले तरी ज्याला पाठ आहेत त्याला ते ऐकू येतातच. सनई लावली तर म्हणाली, "मांडव घालायचाय का?" बरोबरच होतं तिचं.

सारंगीवर सगळ्यांचं जमलं. मोठा नेता गेला की आकाशवाणीवर दिवसभर सारंगी लागायची, ते आमच्या वयाच्या प्रत्येकाच्या कानात आहे, मग घरात भाषा कुठलीही असो. फक्त आलाप घेतला, तबल्याशिवाय. ठेका आला की कोणीतरी बोटांनी ताल धरतंच, आणि शोकसभेत ते बघवत नाही. राग भूप. सा, रे, ग, प, ध, पाचच सूर. संध्याकाळचा राग, आणि त्यात ओढून धरणारं, अस्वस्थ करणारं काही नाही. चेचीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे तर मोहनम." कर्नाटक संगीतात तोच राग. मग तिच्या दिराने जॉन न्यूटनच्या 'अमेझिंग ग्रेस'ची चाल गुणगुणून दाखवली. तेच पाच सूर! किती आनंद झाला मला. कोणाचंच न लावता सगळ्यांचं सापडलं, असं वाटलं.

आणि आपा दाराशी.

मी तिचा विचार केलाच नव्हता असंही नाही, म्हणून जास्त लागतंय. कुराणाचं पठण थोडा वेळ लावावं असं एकाने सुचवलं होतं, मीच नको म्हटलं. पठण चालू असताना गप्प राहून ऐकायचं असतं. माणसं येतायत, खुर्च्या सरकतायत, त्याच्या मागे ते वाजवत ठेवायचं नाही. एवढं मला माहीत होतं. माहीत आहे या समाधानातच तिला विचारायचं राहिलं.

बाकी तयारी किती केली होती! फाइल आधीच उतरवून घेतली, फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे मध्येच जाहिरात नको, कोणाचा कॉल नको. आवाज रिकाम्या हॉलमध्ये ठरवला होता, तो माणसं भरल्यावर कमी वाटायला लागला, मग जरासा वाढवला. शेवटच्या रांगेतल्या दोघांना हळू आवाजात बोलता येईल इतकाच. बंद करतानाही अर्धा मिनिट घेऊन खाली आणला, एकदम तोडलं की माणसं दचकतात. हे सगळं केलं आणि दोन मजले चढून एक प्रश्न विचारला नाही.

रात्री वाटलं, एवढं राबून शेवटी माझ्या पदरी हेच. रडलेसुद्धा थोडी. काकांसाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.

आज संध्याकाळी ती डबा घेऊन आली. मीच विषय काढला.

"अगं, आमच्या घरी गमीत वाद्य नसतं," ती म्हणाली. "अम्मीपासून तसंच. सगळ्यांकडे असं नसतं." ते खरंच. बिस्मिल्ला खाँसाहेब मोहरमला सनईवरच शोक करायचे.

"मग राग आला का?"

"राग कसला? दाराशी उभी राहून काकांसाठी दुवा मागत होते. तू बंद केलंस, मी आत आले."

बंद केल्यावर दोन मिनिटं हॉल शांत होता. पंख्याचा आवाज, आणि चेचीचा श्वास. ती दोन मिनिटं मी कुठेच निवडली नव्हती.

चेचीकडे चाळिसाव्या दिवसाला पुन्हा बसायचंय. आपाला विचारलं, तेव्हा काय करू? ती म्हणाली, "पहिली पंधरा मिनिटं काही लावू नकोस. लोकांना येऊ दे, बसू दे. मग तुझी सारंगी लाव, मी तेवढा वेळ चेचीच्या स्वयंपाकघरात चहाचं बघते."

चहा चाळीस जणांचा. तिला मोठं पातेलं लागेल, आमचं वर माळ्यावर आहे.